मुलाच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या आणि कारण सापडले नाही: एएलडीची तपासणी कधी आणि का

प्रश्न: माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, वजन २० किलो. वर्षभरात रंग काळवंडला, सारखा थकायचा. पावसाळ्यात उलट्या-जुलाब झाले आणि गुंगीतच गेला, साखर ४४ निघाली. सकाळचे कॉर्टिसॉल १.६, एसीटीएच १२५०, सोडियम १२७, पोटॅशियम ४.८. ॲडिसन्स सांगून हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले. आता तो अगदी छान आहे, शाळेतूनही तक्रार नाही. तरी डॉक्टर व्हीएलसीएफए नावाची रक्ततपासणी आणि मेंदूचा एमआरआय करा म्हणतात. हार्मोनच्या आजारात मेंदूचा एमआरआय कशाला? ॲड्रिनल हायपोप्लेझिया हाही शब्द त्यांनी वापरला. धाकटा मुलगा २ वर्षांचा आहे. माझ्या ३४ वर्षांच्या भावाचे पाय चालताना ताठतात, त्याला मणक्यात गॅप सांगितलाय. याचा काही संबंध असेल का? (पुणे)

उत्तर: रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या, आणि भावाबद्दल जे इथे लिहिले आहे ते तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. त्यांना ते माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, कारण मुलाच्या हार्मोनचा मामाच्या मणक्याशी संबंध असेल असे घरात कोणाच्या मनात येत नाही. इथे मात्र तो असू शकतो.

तुमच्या मुलाचे आकडे काय सांगतात ते आधी पाहू. कॉर्टिसॉल तळाला आणि एसीटीएच वरच्या मर्यादेच्या, म्हणजे साधारण ६०च्या, वीस पट. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएचमार्फत कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम ओरडून देते आहे, पण मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना तो पाळता येत नाही. एसीटीएच इतके वाढले की त्वचेतला रंग वाढतो. म्हणून हिरड्या, बोटांच्या पेरांवरची कातडी, तळहाताच्या रेषा आणि जुने व्रण काळे पडतात. उन्हाने रापलेल्या मुलाच्या हिरड्या काळ्या होत नाहीत. निदान इथपर्यंत पक्के आहे. पण ‘ॲडिसन्स’ या नावाने ग्रंथी बंद पडल्या एवढेच कळते, का पडल्या ते कळत नाही.

मोठ्या माणसांत ते कारण बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला असते, आपल्याकडे क्षयरोगही असतो. लहान मुलांत जन्मजात एन्झाइमचा दोष, म्हणजे सीएएच, सर्वांत जास्त आढळतो. तो बहुधा तान्हेपणीच उघड होतो आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन वाढलेले असल्याने ओळखता येतो. सीएएच नाही, क्षयाची खूण नाही, प्रतिकारशक्तीच्या इतर आजारांची चिन्हे नाहीत आणि रुग्ण मुलगा आहे, असे चित्र असेल तर पहिला संशय एक्स-लिंक्ड ॲड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफीचा, म्हणजे एएलडीचा, घ्यायचा. तो रक्ताने खोटा ठरेपर्यंत सोडायचा नाही.

एएलडीत एक्स गुणसूत्रावरच्या एबीसीडी१ या जनुकात दोष असतो. २२ ते २६ किंवा त्याहून अधिक कार्बनच्या अतिलांब साखळ्यांची मेदाम्ले पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या भागात नेऊन तोडली जातात. त्यांना दारातून आत नेणारे प्रथिन या जनुकापासून बनते. ते नसेल तर ही मेदाम्ले साठत जातात, विशेषतः ॲड्रिनलच्या बाह्य भागात, मेंदूच्या पांढऱ्या भागात आणि मज्जारज्जूत. व्हीएलसीएफए म्हणजे याच मेदाम्लांचे रक्तातले मोजमाप.

आता तुमचा मूळ प्रश्न, हार्मोनच्या आजारात मेंदूचा एमआरआय कशाला. एएलडी असलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांच्या ॲड्रिनल ग्रंथी आयुष्यात कधीतरी निकामी होतात, आणि त्याचा सर्वाधिक धोका ३ ते १० या वयात असतो. याच वयात सुमारे ३५ ते ४० टक्के मुलांत मेंदूच्या पांढऱ्या भागात दाहासह झीज सुरू होते. ही झीज चालू झाली की काही महिन्यांत ते दोन-तीन वर्षांत मुलाची दृष्टी, श्रवण, चाल आणि बोलणे जाऊ शकते. पण अनेक मुलांत ॲड्रिनलचा त्रास मेंदूच्या आधी, कधी वर्षानुवर्षे आधी दिसतो. म्हणजे काळवंडणे आणि ती पावसाळ्यातली गुंगी हीच या आजाराची पहिली सूचना असू शकते, आणि तेव्हा मेंदू अजून शाबूत असतो. हायड्रोकॉर्टिसोनने मुलगा टवटवीत झाला ते खरे आणि आवश्यकही, पण त्या गोळीचा मेंदूच्या झिजेवर काहीही परिणाम होत नाही. मूल बरे दिसू लागले की तपास थांबतो, आणि हाच इथला सर्वांत मोठा धोका आहे.

तुम्ही पोटॅशियमचा आकडा कळवलात ते बरे केले. ते ४.८, म्हणजे सर्वसाधारण आहे. ॲड्रिनलच्या सर्वांत बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन बनते, ते शरीरात मीठ धरून ठेवते. एएलडीत हा थर बऱ्याच मुलांत उशिरापर्यंत टिकतो, म्हणून पोटॅशियम चढत नाही. सोडियम मात्र केवळ कॉर्टिसॉलच्या कमतरतेनेही उतरते, आणि त्यात जुलाबांची भर पडते. पोटॅशियम ठीक आहे म्हणून ॲड्रिनलचा आजार नाही, असा निष्कर्ष काढणे चूक. मिठाचे हार्मोन खरेच शाबूत आहे का हे रेनिन तपासून ठरवता येते. रेनिन वाढलेले असेल तर अल्डोस्टेरॉनचे काम करणारे फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागेल.

ॲड्रिनल हायपोप्लेझियात चित्र बहुधा उलटे असते. हाही एक्स गुणसूत्रावरचाच आजार, पण दोष एनआर०बी१ जनुकात, ज्याला जुन्या नावाने डॅक्स-१ म्हणतात. इथे ॲड्रिनलचा कायमस्वरूपी बाह्य भाग गर्भातच नीट घडत नाही. निम्म्याहून अधिक मुले जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच आजारी पडतात: दूध ओकतात, वजन घटते, सोडियम खूप खाली, पोटॅशियम वर, आणि जननेंद्रिये व स्तनाग्रे गडद. अशा बाळाला हमखास सीएएचचे लेबल लागते, आणि लागले तरी जीव वाचतो, कारण तातडीचा उपचार तोच आहे. पण १७-ओएच प्रोजेस्टेरॉन कमी किंवा साधारण आले आणि सोनोग्राफीत ॲड्रिनल मोठ्या दिसण्याऐवजी बारीक दिसल्या किंवा सापडल्याच नाहीत, तर निदान बदलायला हवे. काही बाळांत आधी फक्त मीठ जाते आणि कॉर्टिसॉल ठीक येते. अशा वेळी ‘कॉर्टिसॉल नॉर्मल आहे’ म्हणून घरी सोडलेले बाळ काही आठवड्यांनी संकटात परत येते.

उरलेली मुले मात्र बालपणात कधीही, अगदी तुमच्या मुलाच्या वयातही, समोर येतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तो शब्द वापरला, आणि योग्यच केले. या आजाराच्या दोन खुणा पुढे उपयोगी पडतात. एक, १४ वर्षे होऊनही वयात येण्याची चिन्हे नसणे, कारण पिट्युटरीकडून पौगंडाचे हार्मोन येत नाहीत. पुढे शुक्राणूंवरही परिणाम होतो. दोन, कधी शेजारची जनुकेही सोबत गळालेली असतात, मग त्याच मुलाला डुशेन प्रकारचा स्नायूंचा आजार किंवा ग्लिसरॉल कायनेजची कमतरता असते. त्यामुळे स्नायूंचे सीपीके आणि ट्रायग्लिसराइड या दोन स्वस्त तपासण्या पहिल्याच दिवशी कराव्यात. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेले आले पण नळीतला सिरम दुधाळ न दिसता स्वच्छ दिसला, तर ते खरे मेद नाही. रक्तात साठलेले ग्लिसरॉलच मशीन मेद म्हणून मोजते आहे.

आधी कोणती तपासणी करायची, हे मग जवळपास आपोआप ठरते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत मीठ घालवणारे बाळ असेल तर एनआर०बी१ आधी. ३ वर्षांनंतरचा मुलगा असेल, मीठ टिकून असेल, तर व्हीएलसीएफए आधी. तुमच्या घरात तर मामाचे पाय ताठताहेत. हे हायपोप्लेझियाने होत नाही, एएलडीने होते. व्हीएलसीएफए ठीक आले तरच एनआर०बी१ आणि इतर जनुकांचे पॅनेल पाठवायचे. जाता जाता एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवा: रडताना मुलाच्या डोळ्यांतून पाणी येते का? लहानपणापासून अश्रूच नसतील आणि घास गिळताना अडकत असेल, तर ट्रिपल-ए नावाचा तिसराच आजार शोधावा लागतो.

रक्त देताना काय पाळायचे ते सांगतो. हायड्रोकॉर्टिसोन एकही डोस थांबवायचे नाही. त्याने या तपासणीचा निकाल बदलत नाही, उलट थांबवले तर मूल पुन्हा गुंगीत जाईल. नमुना सकाळी, रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता द्यावा. पण याला लांबचा उपास सोसत नाही, म्हणून लॅबमध्ये पहिला नंबर घ्या आणि सुई निघाली की लगेच खायला द्या. सकाळचा डोस पाण्यासोबत वेळेवरच द्या. आदल्या दिवशी शेंगदाण्याचे कूट, चिक्की आणि दाण्याची चटणी टाळा. शेंगदाण्यात ही लांब मेदाम्ले असतात आणि ती रक्तातला आकडा थोडा वर नेऊ शकतात. आपल्या स्वयंपाकात कूट इतके असते की हे आधी सांगितले नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. नमुना फुटला, म्हणजे त्यातल्या लाल पेशी तुटल्या, तरी आकडा चुकतो. मग तो पुन्हा द्यावा.

अहवालात तीन गोष्टी पाहतात: सी२६ची पातळी, सी२४ भागिले सी२२ आणि सी२६ भागिले सी२२ ही गुणोत्तरे. एएलडी असलेल्या मुलात ही तिन्ही ठळकपणे वाढलेली असतात, आणि जन्मापासूनच. त्यामुळे मुलग्यांत ही तपासणी भरवशाची आहे. फक्त एकच आकडा किंचित वर आला तर घाबरून जाऊ नका, उपाशीपोटी पुन्हा करा किंवा थेट एबीसीडी१ जनुक तपासा. निकाल स्पष्ट वाढलेला आला तरी जनुक तपासायचेच, कारण घरातल्या बाकीच्यांना तोच धागा लागणार आहे.

निकाल वाढलेला आला असे समजून पुढचे सांगतो. मेंदूचा एमआरआय लगेच करायचा, मुलगा कितीही छान दिसत असला तरी. झीज बहुधा मेंदूच्या मागच्या भागात सुरू होते: दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाशी आणि त्याच्या आजूबाजूला. काही डाग दिसला तर गॅडोलिनियम हे रंगद्रव्य शिरेतून देऊन पुन्हा चित्रे घेतात. डागाच्या कडेला रंग भरला तर दाह चालू आहे आणि आजार पुढे सरकणार, असे समजायचे. बदलांना ० ते ३४ असा लोएस स्कोअर देतात. पहिला एमआरआय स्वच्छ असला तर काम संपत नाही. ३ ते १२ या वयात दर ६ महिन्यांनी, त्यानंतर दरवर्षी तो करत राहायचा.

हा हट्ट असण्याचे कारण उपचारात आहे. मेंदूतली झीज थांबवू शकणारा, अनुभवाने सिद्ध झालेला उपाय म्हणजे दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, रोजच्या भाषेत बोन मॅरो ट्रान्सप्लांट. लोएस स्कोअर ९ च्या आत असताना आणि लक्षणे नसताना किंवा नगण्य असताना केले तर निकाल चांगले असतात. लक्षणे उघड झाल्यावर केले तर फारसे हाती लागत नाही, कारण प्रत्यारोपणानंतरही काही महिने झीज पुढे सरकत राहते आणि मगच थांबते. गेलेले परत येत नाही. म्हणून आजार एमआरआयवर पकडायचा, वर्गात नव्हे. शाळेतली पहिली चिन्हे इतकी साधी असतात की ती चुकतातच: अक्षर बिघडते, गोंगाटात सांगितलेले कळत नाही, वस्तूंना धक्के लागतात, डोळा तिरळा होतो, शांत मूल चिडचिडे होते. याला ‘लक्ष नसते’ किंवा एडीएचडी असे नाव पडते आणि त्यात मोलाचे महिने जातात. मुलाच्या स्वतःच्या मूळपेशींत जनुक घालून करायची उपचारपद्धती अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाली, पण काही मुलांत त्यानंतर रक्ताचे कर्करोग झाल्याने तिचा वापर फार जपून होतो. प्रत्यारोपणाने ॲड्रिनल सुधारत नाहीत, ती औषधे जन्मभराचीच. आहार किंवा तेलाने मेंदूतली चालू झालेली झीज थांबते, याचा पुरावा नाही.

एमआरआयच्या दिवशीची एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहा, कारण ती सुटते. ६ वर्षांच्या मुलाला बहुधा गुंगीचे औषध देऊनच आत घेतात, त्यासाठी उपाशी ठेवतात. ज्याच्या ॲड्रिनल बंद आहेत त्याच्या शरीराला हा ताण आहे. तुमच्या मुलाची उंची ११५ सेंमी धरली तर शरीराचे क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर होते. रोजचा डोस प्रति चौरस मीटर ८ ते १० मिलिग्रॅम म्हणजे ६.४ ते ८, व्यवहारात २.५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. भुलीच्या वेळी मात्र किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिलिग्रॅम शिरेतून लागतात. एमआरआय केंद्रात अपॉइंटमेंट घेतानाच ‘ॲड्रिनल निकामी, स्टिरॉइडचा जादा डोस लागतो’ हे लिहून द्या आणि भूलतज्ज्ञांशी स्वतः बोला. ताप आला तर घरी दिवसाचा एकूण डोस तिप्पट करून चार वेळांत वाटायचा. डोस दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो पुन्हा द्यायचा, तोही टिकला नाही तर १०० मिलिग्रॅमच्या हायड्रोकॉर्टिसोनच्या कुपीतले निम्मे, ५० मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत टोचून लगेच रुग्णालय गाठायचे. कुपी, सिरिंज आणि त्यासोबतची चिठ्ठी घरी एक, शाळेत एक. सुई टोचायला डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. सिंहगड रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास सहज जातो, तेवढा वेळ या मुलाकडे नसतो.

धाकट्याचे रक्तही थोरल्याच्या निकालाची फार वाट न पाहता द्या. त्याला दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, तुम्ही वाहक असाल तर. तुमचा भाऊही रुग्ण निघाला तर तुम्ही वाहक आहात यात शंकाच उरत नाही. धाकट्यात एएलडी सापडली तर दर ३ ते ६ महिन्यांनी सकाळचे एसीटीएच आणि कॉर्टिसॉल पाहायचे, म्हणजे त्याच्यावर थोरल्यासारखी गुंगीत जाण्याची वेळ येणार नाही. एमआरआयही आता सुरू करायचा. दोष नसेल तर तोच थोरल्याचा दाता होऊ शकतो, म्हणूनही हे लवकर कळायला हवे. तुमची स्वतःची तपासणी व्हीएलसीएफएवर सोडू नका. वाहक स्त्रियांपैकी १५ ते २० टक्के जणींचा आकडा साधारण येतो. स्त्रीसाठी जनुकतपासणीच खरी. तुम्हाला बहीण असेल तर तिलाही ती हवी, कारण तिच्या मुलांना तोच धोका आहे. भावाच्या मुलग्यांना मात्र हा दोष त्याच्याकडून येऊ शकत नाही, मुली असतील तर त्या सगळ्या वाहक असतील.

एक समजूत आधीच दूर करतो. मामाचे पाय तिशीत हळूहळू ताठले म्हणून भाच्याचाही आजार सौम्यच असेल, असे अजिबात नाही. एकाच घरात, अगदी तोच जनुकदोष असताना, एकाचा मेंदू सातव्या वर्षी झिजतो आणि दुसरा चाळिशीपर्यंत फक्त अडखळतो. कोणाचे काय होणार हे जनुकाच्या अहवालावरून सांगता येत नाही, ना सी२६च्या आकड्यावरून. म्हणूनच दर ६ महिन्यांच्या एमआरआयला पर्याय नाही.

भावाला झालेला आजार एएलडीचा मज्जारज्जूतला प्रकार असू शकतो. त्यात पाय ताठणे, लघवीची घाई, घोट्याजवळ कंप कमी जाणवणे हे विशी ते चाळिशीत सुरू होते, आणि मणक्याच्या एमआरआयवर वयानुसार दिसणाऱ्या झिजेला दोष देऊन ‘गॅप’ म्हटले जाते. त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा आणि व्हीएलसीएफए करायला सांगा. कोणी मणक्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला असेल तर तारीख ठरवण्याआधी त्याचे सकाळी ८ चे कॉर्टिसॉल आणि एसीटीएच तपासून घ्या. त्याच्याही ॲड्रिनल अर्धवट बंद असू शकतात, आणि ते माहीत नसताना दिलेली भूल जिवावर बेतू शकते. एसीटीएचचा नमुना ईडीटीएच्या नळीत, बर्फात ठेवून, लगेच लॅबमध्ये पोचायला हवा. घरी येऊन घेतलेला नमुना दुपारपर्यंत गाडीत फिरला तर एसीटीएच खोटे कमी येते आणि निदान हुकते.